वापरलेल्या पुस्तकांची श्रेणी कशी ठरवावी: चार अक्षरे, तीन सीमा आणि एक ठरवणारा दोष

वापरलेली पुस्तके शेकड्यांनी विकणाऱ्याकडे एकाच ग्रंथाच्या दोन-तीन प्रती नेहमीच जमतात आणि त्याची खरी परीक्षा तिथेच होते. माझ्याकडे एकदा एकाच शब्दकोशाच्या तीन प्रती होत्या. त्या वेगवेगळ्या दिवशी आल्या होत्या आणि त्यांची वर्णनेही मी वेगवेगळ्या दिवशी लिहिली होती: एकीवर ‘छान प्रत’, दुसरीवर ‘चांगली स्थिती, किंचित वापरलेली’ आणि तिसरीवर ‘उत्तम, पण जुनी’. एका ग्राहकाने विचारले, ‘‘या तिघींतली बरी कोणती?’’ तिन्ही वर्णने माझीच असूनही प्रती हातात घेतल्याशिवाय मला उत्तर देता आले नाही. ग्राहकाला तर प्रती हातात घेण्याचीही सोय नसते.

‘चांगली’ या शब्दाची अडचण जुनीच आहे. इंग्रजी पुस्तकव्यापारात फाइन, व्हेरी गुड, गुड, फेअर आणि पुअर अशी उतरंड रूढ आहे आणि तीत ‘गुड’ म्हणजे बऱ्यापैकी झिजलेली, पण पूर्ण प्रत. व्यापारातल्या माणसाला हे ठाऊक असते. पहिल्यांदा खरेदी करणारा मात्र ‘गुड’चा अर्थ ‘चांगली’ असाच घेतो आणि पार्सल उघडल्यावर आपली फसवणूक झाली असे त्याला वाटते. म्हणून गुणवाचक शब्द मी अजिबात वापरत नाही. अ, ब, क आणि ड ही चार अक्षरे पुरतात. अंकही टाळलेले बरे, कारण १ म्हणजे सर्वांत वरचा की सर्वांत खालचा, हा घोळ कायम राहतो. अक्षरे निवडली म्हणजे श्रेणी तयार झाली, असे मात्र नाही. श्रेणी तयार होते ती दोन अक्षरांमधल्या सीमेने, आणि सीमा म्हणजे असा प्रश्न की ज्याचे उत्तर डोळ्यांनी, बोटांनी किंवा पट्टीने ‘हो’ अथवा ‘नाही’ असे देता येते. पुढे जे सांगितले आहे ते पुस्तकांपुरते आहे, कारण मला तोच माल नीट ठाऊक आहे. दुसरा माल विकणाऱ्यालाही हीच रीत लागू करता येईल, फक्त सीमांवरचे प्रश्न त्याला आपल्या मालातून शोधावे लागतील.

आधी ढीग, मग नावे

पहिल्या दिवशी काहीही लिहू नये. साठ्यातली चाळीसएक पुस्तके काढावीत आणि त्यांत मुद्दाम काही फार चांगली, काही फार वाईट आणि बरीचशी मधली घ्यावीत. ती मोठ्या टेबलावर मांडून एकेक पुस्तक उचलावे आणि शेजारच्या पुस्तकाशी तुलना करून स्वतःला एकच प्रश्न विचारावा: दोन्ही एकाच ग्रंथाच्या प्रती असत्या आणि एकाच किमतीला मिळत असत्या, तर मी कोणती उचलली असती? जी उचलली असती ती डावीकडे सरकवावी. तासाभरात पुस्तकांची एक ओळ तयार होते आणि त्या ओळीत तीन-चार ठिकाणी आपोआप मोठी फट दिसते, म्हणजे इकडचे पुस्तक आणि तिकडचे पुस्तक यांच्यात निवड करताना क्षणभरही विचार करावा लागत नाही.

प्रत्येक फटीच्या दोन्ही बाजूंची पुस्तके हातात घेऊन, निवड इतकी सोपी का झाली ते कागदावर लिहावे. माझ्या ओळीत पहिली फट ‘हे वाचलेले दिसते, ते दिसत नाही’ अशी होती. दुसरी फट मजकुरावरच्या खुणांची होती. तिसरी होती ती पुस्तक हातात सुटते की एकसंध राहते याची. या तीन कारणांतूनच पुढच्या सीमा आल्या. हे काम वगळून दुसऱ्या विक्रेत्याची तयार श्रेणी उचलली तर ती कागदावर नीटनेटकी दिसते; पण आपल्या मालात ज्या फटी नाहीतच त्या ती दाखवते आणि ज्या आहेत त्या झाकते. माझ्याकडची बहुतेक पुस्तके विद्यार्थ्यांच्या हातून आलेली असतात, त्यामुळे अधोरेखन हा माझ्याकडे सर्वांत मोठा प्रश्न आहे. संग्राहकांना पुस्तके विकणाऱ्याच्या ओळीत कदाचित वेष्टणावरची फाट तिथे असेल.

श्रेणीत काय धरायचे आणि काय बाहेर ठेवायचे

आवृत्ती, दुर्मिळता आणि लेखकाची सही यांचा स्थितीशी काही संबंध नाही. पहिली आवृत्ती आहे म्हणून फाटलेल्या प्रतीला वरचे अक्षर देण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण त्या गोष्टी किमतीत धरायच्या असतात आणि वर्णनात वेगळ्या ओळीत सांगायच्या असतात. वयाचेही तसेच आहे. ‘इतक्या जुन्या पुस्तकाच्या मानाने उत्तम’ हे वाक्य श्रेणीतून हद्दपार करावे. जुने पुस्तक आणि नवे पुस्तक एकाच मोजपट्टीवर उभे राहिले तरच ग्राहकाला त्या अक्षराचा अर्थ कळतो.

कागदाच्या पिवळेपणाबाबत मात्र एक सवलत मी देतो. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात लिग्निन असते. प्रकाश आणि हवेने तो कागद सगळीकडे सारखा पिवळा, पुढे तपकिरी होतो आणि त्या छपाईच्या जवळपास सर्वच प्रती तशा असतात. तेव्हा एकसारखा पिवळेपणा नोंदवायचा, पण त्यासाठी अक्षर खाली आणायचे नाही. पान उलटताना कडेचे कण झडू लागले, म्हणजे कागद ठिसूळ झाला, की तो दोष धरायचा. ठिसूळपणा तपासायला पानाचा कोपरा पुढे-मागे दुमडून पाहण्याची एक पद्धत आहे, पण ती विकायच्या मालावर करू नये. ठिसूळ कागदाचा कोपरा त्या तपासणीतच गळून पडतो.

वेष्टण, म्हणजे पुठ्ठ्यावरचा सुटा छापील कागद, मी अक्षरात धरत नाही. इंग्रजी पुस्तकव्यापारात त्याला स्वतंत्र श्रेणी देतात आणि पुस्तकाच्या श्रेणीनंतर तिरकी रेघ मारून ती लिहितात. संग्राहकांसाठी ते योग्यच आहे. वाचणाऱ्यांसाठी ‘वेष्टण: आहे’, ‘नाही’ किंवा ‘आहे, फाटलेले’ एवढे पुरते.

चार अक्षरे

अ: पुस्तक वाचले गेल्याची एकही खूण नाही. कणा सरळ आहे, कोपरे टोकदार आहेत, आत नाव, शिक्का किंवा रेघ नाही. पुठ्ठ्यावर फक्त तिरक्या प्रकाशात दिसणारे बारीक ओरखडे चालतात, कारण दुकानाच्या मांडणीत उभे राहूनही ते येतात.

ब: वाचलेले, पण जपलेले. बांधणी घट्ट आहे आणि मजकुराच्या एकाही पानावर खूण नाही. सुरुवातीच्या कोऱ्या पानावर नाव किंवा भेटीच्या दोन ओळी असल्या तरी चालतात. कोपरे ३ मिलिमीटरपर्यंत दबलेले चालतात. पानांच्या समासात विरळ तपकिरी ठिपके असतील तर चालतात, पण ते छापील मजकुरावर आलेले नसावेत.

क: वापर स्पष्ट दिसतो. खालीलपैकी कोणतीही एक गोष्ट असली की पुस्तक इथे येते: मजकुराच्या 1 ते 10 पानांवर खुणा; ठिपके मजकुरावर आलेले; कणा तिरका झालेला किंवा रंग उडालेला; कोपरे 3 मिलिमीटरहून अधिक दबलेले; पुठ्ठा आणि पाने यांच्या सांध्यात चीर, पण पुठ्ठा घट्ट; ग्रंथालयाचे शिक्के.

ड: वाचायला पूर्ण, बाकी सगळ्या तक्रारी मान्य. मजकुराच्या 10 हून अधिक पानांवर खुणा, पाने सुटलेली पण सर्व हजर, पाण्याने लहरी आलेली पाने, कागद ठिसूळ, पुठ्ठा सुटलेला किंवा चिकटपट्टीने डागडुजी केलेली.

यांच्याखाली पाचवे अक्षर नाही. मजकुराचे पान गहाळ असेल, ओळी वाचता येत नसतील, बुरशी असेल किंवा जिवंत कीड असेल तर ते पुस्तक श्रेणीच्या बाहेरच राहते. अशा पुस्तकाला ‘ड उणे’ देऊन विकण्याने आपली शेवटची सीमाच पुसली जाते. बुरशी आणि कीड यांचे तर आणखी एक कारण आहे: ती शेजारच्या पुस्तकांत पसरते, म्हणून असे पुस्तक ताबडतोब पिशवीत बंद करून साठ्यापासून दूर ठेवावे.

दहा पानांची मर्यादा पाहून लगेच शंका येते की साठ पानांच्या पुस्तिकेला आणि हजार पानांच्या ग्रंथाला एकच आकडा कसा लावायचा. प्रमाण काढणे अधिक न्याय्य आहे, हे मला मान्य आहे. मीही सुरुवातीला ‘शंभर पानांमागे दोन’ असा नियम केला होता. आठवडाभरात मी तो हिशेब मनातल्या मनात गोल करू लागलो आणि दर वेळी तो माझ्याच सोयीचा गोल होई. मोजायला सोपा असलेला ढोबळ नियम रोज पाळला जातो. नेमका आकडा वर्णनात दिला की उरलेला न्याय ग्राहक स्वतः करतो.

अधिक आणि उणे ही चिन्हेही मी याच कारणाने नाकारली. चार अक्षरांना तीन सीमा असतात. प्रत्येकाला एक ‘अधिक’ जोडला की आठ पायऱ्या आणि सात सीमा होतात, आणि त्या सातांपैकी चार शब्दांत सांगताच येत नाहीत. ‘ब अधिक’ म्हणजे काय, असे विचारल्यावर ‘ब, पण मला आवडलेले’ याहून प्रामाणिक उत्तर माझ्याकडे नव्हते.

सर्वांत वाईट दोष अक्षर ठरवतो

गुण देऊन सरासरी काढण्याची पद्धत पाहिल्याबरोबर पटते: बांधणीला दहापैकी नऊ, पुठ्ठ्याला आठ, मजकुराला चार, म्हणून सरासरी सात. पण अधोरेखनाने वैतागलेल्या वाचकाला चकचकीत पुठ्ठ्याने काहीच भरपाई मिळत नाही. सरासरी नेमकी त्याला हवी असलेली माहिती गिळून टाकते. म्हणून नियम असा, की पुस्तकात जो दोष सर्वांत खालच्या अक्षरात बसतो तेच अक्षर पुस्तकाला मिळते. त्याला मी ‘ठरवणारा दोष’ म्हणतो आणि तो अक्षराच्या शेजारी नेहमी लिहितो.

या नियमाला एकच मर्यादा घालावी लागते. केवळ दिसण्याचे दोष कितीही साचले तरी ते पुस्तकाला ‘क’च्या खाली नेत नाहीत. उन्हाने पांढरा पडलेला कणा, दबलेले चार कोपरे आणि पुठ्ठ्यावरचा चहाच्या कपाचा गोल हे सगळे एकत्र आले तरी आतला मजकूर स्वच्छ आणि बांधणी मजबूत असेल, तर ते पुस्तक वाचायला ‘ड’सारखे नाही. ‘ड’ हे अक्षर मजकूर, कागद आणि बांधणी यांच्या दोषांसाठी राखून ठेवलेले आहे.

तपासणीचा क्रम

क्रम ठरलेला असावा, कारण नजर जिथे आधी दोष सापडतो तिथेच रेंगाळते आणि बाकीचे पाहायचे राहून जाते. मला एका पुस्तकाला तीन ते चार मिनिटे लागतात. टेबलावर एकच दिवा असतो आणि तो एका बाजूला, टेबलाच्या पातळीच्या थोडाच वर ठेवलेला असतो. वरून पडणारा प्रकाश दबलेल्या खुणा सपाट करून टाकतो. तिरक्या प्रकाशात प्रत्येक खाचेला सावली पडते. खोडून टाकलेले पेन्सिलीचे अधोरेखन, शेजारच्या पानावर लिहिताना उमटलेले अक्षर, पुसलेले नाव हे सगळे त्या प्रकाशात दिसते.

आधी बंद पुस्तक टेबलावर आडवे ठेवून कण्याला गुण्या लावावा. कणा आणि गुण्याची कड यांच्यात वर किंवा खाली फट दिसली तर कणा तिरका झाला आहे. मग कोपरे पट्टीने मोजावेत. त्यानंतर पुढचा पुठ्ठा काटकोनापर्यंतच उघडून आतला सांधा पाहावा. पुस्तक पूर्ण सपाट उघडून दाबले तर नसलेली चीर आपणच पाडतो. मागच्या पुठ्ठ्याचेही तसेच. सांध्यात कागद फाटून आतले कापड किंवा दोरा दिसत असेल तर ती चीर. त्या जागी पुठ्ठा हलक्या हाताने वर-खाली हलवून पाहावा. तो पानांपासून वेगळा हलला तर सांधा गेलेला आहे आणि पुस्तक ‘ड’मध्ये जाते.

पुढे बांधणी. शिलाईच्या पुस्तकात पाने फर्म्यांनी, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांच्या जुड्यांनी, शिवलेली असतात, त्यामुळे दोरा तुटला की एखादा पूर्ण फर्मा बाहेर सरकतो आणि पुस्तकाच्या पुढच्या कडेला ती पायरी बोटाला जाणवते. परफेक्ट बाइंडिंगच्या, म्हणजे नुसत्या गोंदाने चिकटवलेल्या पुस्तकात एकेक पान सुटते. तिथे पुस्तक मधूनमधून थोडे उघडून गोंदाला तडा गेला आहे का ते पाहावे. तडा असलेल्या जागी पुस्तक स्वतःहून उघडते, हे त्याचे सोपे लक्षण.

मग मजकूर. अंगठ्याखालून पाने एकदा पुढून मागे आणि एकदा मागून पुढे सोडावीत, कारण एका दिशेने फक्त उजवीकडची पाने नीट दिसतात. विद्यार्थ्यांच्या पुस्तकात खुणा पहिल्या दोन प्रकरणांत दाटलेल्या असतात आणि पुढे अचानक थांबतात. वाचनाचा उत्साह कुठे संपला, तेही त्यावरून कळते! म्हणून मधलेच एक पान उघडून ‘स्वच्छ’ असा निर्णय देऊ नये. खुणा आढळल्या तर त्यांची पाने मोजावीत, दहाच्या पुढे गेल्यावर मोजणी थांबवली तरी चालते.

शेवटी पृष्ठसंख्या. पानांचे आकडे सलग आहेत का हे पाहताना चित्रांच्या पानांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण वेगळ्या कागदावर छापलेल्या चित्रांना आणि नकाशांना बहुधा पृष्ठक्रमांक नसतो आणि ती फाडून नेली तरी आकडे सलगच राहतात. पुस्तकाच्या सुरुवातीला चित्रसूची असेल तर तिच्याशी चित्रे ताडून पाहावीत. माझ्याकडून एकदा नकाशा नसलेले प्रवासवर्णन ‘ब’ म्हणून गेले होते. पृष्ठक्रमांक मी तपासले होते, सूची तपासली नव्हती.

वासही घ्यावा. ओलसर, मातकट वास आला तर कण्याच्या आतल्या बाजूला आणि शिलाईच्या खोबणीत बुरशी शोधावी. तपकिरी ठिपक्यांना बुरशी समजू नये: ठिपके कागदात मुरलेले आणि सपाट असतात, तर बुरशीचा थर पृष्ठभागावर असतो, भुकटीसारखा किंवा केसाळ दिसतो आणि मऊ ब्रशने हलतो.

शब्दकोशाच्या त्या तीन प्रती

आता सुरुवातीच्या तीन प्रती या रीतीने पाहू. पहिली, म्हणजे ‘छान प्रत’, बाहेरून देखणी होती: कणा सरळ, रंग ताजा, एकच कोपरा 2 मिलिमीटर दबलेला, पहिल्या कोऱ्या पानावर नाव. एवढ्यावर ती ‘ब’ ठरली असती. पाने सोडताना मात्र शेवटच्या परिशिष्टातले एक पान हातात आले. ते फाटलेले नव्हते, सुटलेले होते. पान हजर आहे, पण सुटलेले आहे, अक्षर ‘ड’. बाहेरून सर्वांत सुंदर दिसणारी प्रत सर्वांत खाली गेली आणि मला पहिल्यांदा श्रेणीच चुकली असे वाटले. पण ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर शब्दकोश रोज उघडायचा असतो, आणि एक पान सुटले की त्याच्या शेजारची पाने सुटायला वेळ लागत नाही.

दुसरी प्रत ‘चांगली स्थिती, किंचित वापरलेली’. पुठ्ठा आणि बांधणी ठीक, पण 14 पानांवर पेन्सिलीच्या रेघा. आहे त्या स्थितीत ती ‘ड’. इथे एक निर्णय विक्रेत्याला घ्यावा लागतो: पेन्सिल खोडायची की नाही? नियम असा, की श्रेणी आजच्या स्थितीला द्यायची, होऊ शकणाऱ्या स्थितीला नाही. मी मऊ खोडरबराने रेघा एकाच दिशेने, हलक्या हाताने खोडल्या; पुढे-मागे घासले तर पातळ कागद चुरगळतो. दहा पाने पूर्ण स्वच्छ झाली. चार पानांवर मात्र वाचकाने इतके दाबून लिहिले होते की तिरक्या प्रकाशात खाचा स्पष्ट दिसत होत्या. खाच ही खूणच, म्हणून चार पाने, म्हणून ‘क’. या कामाला वीस मिनिटे गेली. महाग शब्दकोशासाठी ती परवडतात, स्वस्त कादंबरीसाठी नाहीत. पेनाच्या रेघांच्या वाटेला मात्र जाऊच नये.

तिसरी ‘उत्तम, पण जुनी’. कण्याचा रंग उन्हाने उडालेला, तीन कोपरे 5 मिलिमीटरपर्यंत दबलेले, पाने एकसारखी पिवळी. आत एकही खूण नाही, सांधे आणि शिलाई मजबूत. पिवळेपणा धरायचा नाही. दिसण्याच्या दोषांमुळे ‘क’.

म्हणजे दुसरी आणि तिसरी दोन्ही ‘क’, एकाच किमतीच्या, आणि तरीही एकसारख्या नाहीत. ठरवणारा दोष शेजारी लिहिल्याचा उपयोग इथे होतो. दुसरीपुढे ‘चार पानांवर खोडलेल्या पेन्सिलीच्या खाचा’ आणि तिसरीपुढे ‘कणा फिकट, कोपरे दबलेले, आत स्वच्छ’ असे वाचल्यावर रोज वापरणारा माणूस तिसरी घेतो आणि कपाटात दिसायला नीट हवी असलेला दुसरी. त्या ग्राहकाला मी नव्या नोंदी पाठवल्या. त्याने तिसरी घेतली आणि ‘बरी कोणती’ हा प्रश्न पुन्हा विचारला नाही.

श्रेणी सरकू नये म्हणून

दिवसभर जीर्ण पुस्तके हाताळल्यावर संध्याकाळी आलेले मध्यम पुस्तकही झकास वाटते. नव्याकोऱ्या प्रतींच्या गठ्ठ्यानंतर तेच पुस्तक खराब वाटते. यावर उपाय म्हणजे नमुन्याच्या प्रती, पण त्या निवडताना बहुतेक जण चुकतात: ते ‘ब’चा नमुना म्हणून अगदी ठरीव, मधोमध बसणारी ‘ब’ प्रत ठेवतात. तिचा काही उपयोग होत नाही, कारण शंका कधी मधोमध येत नाही. नमुना म्हणून त्या अक्षरातली सर्वांत तळाची प्रत ठेवावी, म्हणजे याहून जरा वाईट असली तर ती ‘ब’ राहणार नाही अशी. अ, ब आणि क यांच्या अशा तीन तळाच्या प्रती माझ्या टेबलाच्या बाजूला कायम असतात आणि त्या विकायच्या नसतात. शंका आली की हातातले पुस्तक तळाच्या प्रतीशेजारी ठेवायचे. तिच्याइतके किंवा तिच्याहून बरे असेल तर वरचे अक्षर, नाहीतर खालचे.

दुसरी तपासणी स्वतःचीच. श्रेणी दिलेली वीस पुस्तके बाजूला काढावीत, चिठ्ठ्या काढून पाकिटात ठेवाव्यात आणि आठवड्याने तीच पुस्तके पुन्हा तपासून नवी अक्षरे द्यावीत. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवाव्यात. मी पहिल्यांदा हे केले तेव्हा वीसपैकी सहा अक्षरे बदलली आणि त्या सहांपैकी पाच ‘ब’ आणि ‘क’ यांच्या सीमेवर होती. चूक माझ्या नजरेची असती तर ती सगळीकडे विखुरली असती. ती एकाच सीमेवर गोळा झाली, याचा अर्थ त्या सीमेचे शब्द कच्चे होते. तिथे मी ‘मजकुरावर नगण्य खुणा चालतील’ असे लिहिले होते. ‘नगण्य’ काढून ‘एकही खूण नाही’ केल्यावर पुढच्या वेळी दोनच अक्षरे बदलली. दोन माणसे काम करत असतील तर आठवडा थांबायचीही गरज नाही. दोघांनी एकमेकांची अक्षरे न पाहता तीच वीस पुस्तके तपासावीत आणि मतभेद कोणत्या सीमेवर आहेत ते पाहावे. मतभेद मिटवायला चर्चा करून अक्षर ठरवू नये, सीमेचे वाक्य बदलावे.

नोंद आणि छायाचित्रे

प्रत्येक नोंदीत ओळींचा क्रम तोच राहावा, म्हणजे ग्राहकाची नजर दोन नोंदींत त्याच जागी जाते. तिसऱ्या प्रतीची नोंद अशी होती:

> श्रेणी: क
> ठरवणारा दोष: कण्याचा रंग उडालेला, तीन कोपरे 5 मिलिमीटरपर्यंत दबलेले
> मजकूर: खुणा नाहीत
> बांधणी: शिलाई घट्ट, सांधे अखंड
> कागद: एकसारखा पिवळा, ठिसूळ नाही
> वेष्टण: नाही
> पूर्णता: सर्व पाने व परिशिष्टे हजर

‘खुणा नाहीत’ आणि ‘ठिसूळ नाही’ हेही लिहायचे. दोष नसलेली ओळ गाळली तर विक्रेत्याने तपासलेच नाही की तपासून काही आढळले नाही, हे ग्राहकाला कळायला मार्ग राहत नाही.

छायाचित्रे पाच पुरतात: पुढचा पुठ्ठा, कणा, पुढची कड, मधले एक उघडे पान आणि ठरवणारा दोष, पट्टी शेजारी ठेवून. पहिली चार सर्व पुस्तकांची त्याच जागी, त्याच प्रकाशात घ्यावीत. खिडकीजवळ काढलेली एक प्रत आणि दिव्याखाली काढलेली दुसरी यांच्या कागदाचा रंग छायाचित्रात वेगळा दिसतो आणि पिवळी प्रत पांढरी ठरते.

किंमत अक्षराला यांत्रिकपणे बांधू नये, एवढे इथे सांगायला हवे. अमेरिकी संग्राहक विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये जुन्या अमेरिकी तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी 1 ते 70 अशी श्रेणी मांडली तेव्हा आकडा आणि किंमत यांचे थेट प्रमाण धरले होते, म्हणजे 70 चे नाणे 1 च्या नाण्याच्या सत्तरपट. बाजारभाव बदलले आणि ते प्रमाण लवकरच निरुपयोगी झाले. 1 ते 70 हे आकडे मात्र स्थितीची भाषा म्हणून नाण्यांच्या व्यवहारात आजही चालतात. पुस्तकाचा भाव मागणीने हलतो. अक्षर त्याच्याबरोबर हलता कामा नये.

चिठ्ठीवर श्रेणी दिल्याची तारीख टाकावी. वर्षभर फळीवर उभे राहिलेले जाड पुस्तक स्वतःच्या वजनाने तिरके होते, उजेडाकडचा कणा फिका पडतो, ओलसर हवेत कसर लागते. सहा महिन्यांहून जुनी चिठ्ठी असलेले पुस्तक पाठवण्यापूर्वी मी पुन्हा दिव्याखाली धरतो आणि अक्षर उतरले असेल तर पार्सल बांधण्याआधी ग्राहकाला कळवतो. परत आलेल्या प्रत्येक पुस्तकापुढे ग्राहकाची तक्रार त्याच्याच शब्दांत आणि आपण दिलेले अक्षर वहीत लिहून ठेवतो. तीच तक्रार तिसऱ्यांदा आली की तिच्याशी संबंधित सीमेचे वाक्य बदलतो आणि बदलाची तारीख श्रेणीच्या तक्त्यावर लिहितो. त्या तारखेआधीच्या चिठ्ठ्या असलेली पुस्तके जुन्या वाक्याने तपासलेली असतात. त्यांतली फक्त त्या सीमेलगतची दोन अक्षरे पुन्हा पाहावी लागतात, अख्खा साठा उपसावा लागत नाही.